कापूस राखाडी का येतो? एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या खान्देशात बर्फ पडत नाही. पण दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजी लागतात, आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते बर्फाचे डोंगरच असतात. जिनिंगवाले, लग्नाचे फोटो काढणारी पोरं आणि मनालीला जाऊन आलेली मंडळी माझ्याकडे फिरून फिरून तेच प्रश्न घेऊन येतात. कॅमेऱ्याने स्वतः ठरवलेला उजेड आपल्या हाताने वाढवणं किंवा कमी करणं, म्हणजे प्लस किंवा मायनस करणं, याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. त्याबद्दलचे हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कापसाच्या गंजीचे फोटो काढले, सगळा कापूस राखेसारखा आला. कॅमेरा बिघडला का?

नाही. त्याने त्याला शिकवलं तेच केलं.

माझ्यावरही ही वेळ आली आहे. स्टुडिओ टाकल्यावर पहिल्याच हंगामात एका जिनिंगचे फोटो काढायचं काम मिळालं. ऊन छान होतं, गंजी घरभर उंच. मालकाने फोटो परराज्यातल्या व्यापाऱ्याला पाठवले आणि तासाभरात मला फोन केला. व्यापारी विचारत होता, "माल भिजेल शे का, भाऊ?" कापसाच्या धंद्यात रंग म्हणजे भाव. भिजलेला, कळकट दिसणारा माल आणि पांढराशुभ्र पहिल्या वेचणीचा माल यांच्या दरात किती फरक पडतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. माझ्या फोटोने चांगल्या कापसाची कवडी केली होती. पैसे मिळाले, पण ते काम दुसऱ्या दिवशी फुकट पुन्हा करून द्यावं लागलं.

पण पांढरं ते पांढरं, हे कॅमेऱ्याला का कळत नाही? आता तर कॅमेरे फार हुशार झालेत.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तू पाहत नाही, वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो. हा उजेड दोन गोष्टींवर ठरतो: वस्तूवर किती ऊन पडलं आणि त्यातलं तिने किती परत फेकलं. मीटरच्या हाती फक्त एकूण येतं. भर उन्हातलं करडं घोंगडं आणि सावलीतलं पांढरं धोतर यांच्याकडून अगदी सारखाच उजेड येऊ शकतो, आणि मग मीटरला ती दोन्ही एकच वाटतात.

म्हणून मीटर बनवणाऱ्यांनी एक अंदाज धरला. साधारण दृश्यात झाडं, माणसं, रस्ता, आभाळ असं सगळं मिसळलं की सरासरी मधल्या करड्या रंगाच्या आसपास येते. हा करडा आपल्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे १८ टक्के परत फेकतो. डोळ्याला मात्र तो काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्ये वाटतो. फोटोच्या दुकानात मिळणारं ग्रे कार्ड याच रंगाचं असतं. समोर काहीही असलं तरी त्याची सरासरी या करड्यावर आणून बसवायची, एवढंच मीटरला ठाऊक. बाजारपेठेतल्या गर्दीवर हा अंदाज छान चालतो. गंजीने चौकट भरली की समोर करडं काही उरतच नाही, मग मीटर कापसालाच करडा करतो.

हुशारीबद्दल म्हणाल, तर ती खरी आहे. १९८३ साली आलेल्या निकॉन एफएने चौकटीचे तुकडे पाडून मोजायला सुरुवात केली, आणि आजचे कॅमेरे रंग, फोकसची जागा, चेहरा असं बरंच पाहतात. त्यामुळे जुन्या कॅमेऱ्याला जिथे दोन स्टॉप, म्हणजे दोनदा दुप्पट उजेड, वाढवून द्यावे लागत, तिथे नव्याला एखादा पुरतो. पण किती पुरेल ते मॉडेलगणिक बदलतं. खाली दिलेले आकडे म्हणजे सुरुवात समजा.

मग पांढऱ्यासाठी प्लस करायचं की मायनस?

प्लस. इथे निम्मे लोक चुकतात, कारण मनाला उलटं वाटतं: आधीच इतकं उजळ आहे, आणखी कशाला वाढवायचं? पण तुम्ही दृश्य उजळ करत नाही आहात. मीटरने जे खाली ओढलं ते परत वर नेता आहात. काळ्याला मीटर वर ओढतो, म्हणून तिथे मायनस.

किती प्लस? आकडा सांगा.

आकड्यामागचा हिशोब सोपा आहे. एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट. करडा १८ टक्क्यांवर आहे. एक स्टॉप वर ३६, दोन स्टॉप वर ७२. स्वच्छ कापूस पडलेल्या उजेडातला साधारण पाऊण हिस्सा परत फेकतो, म्हणजे तो करड्यापासून दोनच पायऱ्या वर बसला आहे. ७२ च्या वर शंभरपर्यंत जेमतेम अर्धा स्टॉप उरतो. त्या अर्ध्या स्टॉपात गंजीवरचे उन्हाकडे तोंड करून असलेले बोंडांचे उंचवटे मावायला हवेत. त्यासाठी मी पूर्ण दोनऐवजी +१.७ वर थांबतो.

दुसऱ्या खेपेचं ते काम आकड्यांनिशी सांगतो. डिसेंबर, सकाळचे अकरा, निरभ्र ऊन, सूर्य माझ्या पाठीशी थोडा डावीकडे. आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८, डायल ॲपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे कुठे Av तर कुठे A लिहिलेलं असतं ते. चौकटीत जवळजवळ सगळा कापूसच. कॅमेऱ्याने शटर दिलं १/१६००.

हा आकडा बघताच शंका यायला हवी, कारण उन्हाचा एक जुना ठोकताळा आहे: लख्ख उन्हात एफ १६ ला शटर आयएसओएवढं ठेवायचं. आयएसओ १०० ला १/१००. एफ ८ म्हणजे दोन स्टॉप मोठं भोक, तर शटर १/४००. हा ठोकताळा ऊन किती आहे ते सांगतो, समोर कापूस आहे की कोळसा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कॅमेरा म्हणतो १/१६००, ऊन म्हणतं १/४००. दोघांत बरोबर दोन स्टॉपचं भांडण, आणि त्यात ऊन खरं.

कॉम्पेन्सेशन +१.७ केलं, शटर १/५०० वर उतरलं. कापूस पांढरा आला, तंतू तंतू वेगळा दिसत होता, गंजीच्या सावलीच्या बाजूला हलका राखाडी उतार राहिला. तो उतार हवाच, नाहीतर गंजीला गोलाई राहत नाही. मग मुद्दाम +२.३ करून पाहिलं. गंजीचा माथा मैद्याची गोणी फुटल्यासारखा सपाट पांढरा झाला. कापूस आहे की काय आहे, कळेना. फरक म्हणाल तर दोन-तृतीयांश स्टॉपचाच होता.

मागच्या पडद्यावर पाहून ठरवलं तर चालेल ना?

भर उन्हात नाही. उन्हात पडदा अंधारलेला दिसतो, मग माणूस प्लस वाढवत जातो. रात्री तोच पडदा झगझगीत दिसतो आणि माणूस उगाच मायनस करतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, लावा. डावं टोक काळं, उजवं टोक पांढरं, आणि जिथे उंचवटा तिथे जास्त ठिपके.

कापसाच्या पहिल्या, बिनसुधारलेल्या फोटोत एकच उंचवटा असतो, अगदी मधोमध, आणि उजवीकडचा भाग रिकामा. पांढऱ्या वस्तूचा उंचवटा मध्ये बसलेला दिसला की फोटो राखाडी आहे, पडदा काहीही म्हणो. +१.७ वर हाच उंचवटा उजवीकडे सरकतो आणि भिंतीच्या अलीकडे थोडी फट ठेवून थांबतो. भिंतीला चिकटून उभी रेघ चढली, म्हणजे तिथला तपशील गेला. बहुतेक कॅमेऱ्यांत असा जळालेला भाग लुकलुकतो, तो इशारा मेनूतून चालू करून ठेवा. गंजीचा पृष्ठभाग लुकलुकला तर एक-तृतीयांश मागे या. गंजीशेजारी उभ्या ट्रॅक्टरच्या बंपरवरची चमक लुकलुकली तर खुशाल सोडून द्या.

आम्ही मनालीला चाललो. बर्फालाही हेच आकडे?

जवळजवळ. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो, म्हणजे कापसाहूनही पांढरा. ऊन असेल आणि चौकट बर्फानेच भरली असेल तर +१.७ ने सुरू करा आणि हिस्टोग्राम पाहून +२ पर्यंत जा. रस्त्याकडेचा तुडवलेला, मातकट बर्फ मुळातच पांढरा नसतो, तिथे +१ पुरे. आभाळ भरून आलं असेल तर बर्फावर सावल्याच नसतात. तेव्हा प्लस जास्त झाला तर जमीन आणि आभाळ एकच कोरा कागद होतं. अशा वेळी चौकटीत एखादा गडद देवदार घ्या.

दोन गोष्टी मात्र कापसाकडून शिकता येत नाहीत. सावलीतल्या बर्फावर निळं आभाळ उजेड टाकतं, म्हणून तो निळसर येतो. तो दोष रंगाची छटा सांभाळणाऱ्या व्हाइट बॅलन्सच्या खात्यातला आहे, प्लस करून जात नाही. दुसरी गोष्ट माणसांची. बर्फात उभं करून काढलेल्या फोटोत आपली सावळी माणसं काळी ठिक्कर येतात, आणि लोक म्हणतात ऊन समोरून होतं म्हणून. बहुतेकदा कारण तेच असतं: मीटरने बर्फाला करडं करताना चेहऱ्यालाही सोबत दोन पायऱ्या खाली नेलं. प्लस केलात की बर्फ आणि आत्याबाई दोन्ही जागेवर येतात.

पांढऱ्या भिंतीपुढे नवरी उभी करतो. एक फोटो बरा, दुसरा काळपट. असं का होतं?

कारण तुमची चौकट बदलते. लग्नघरी नुकता चुना किंवा डिस्टेंपर मारलेला असतो. पूर्ण उभी नवरी घेतली तर चौकटीत तीन हिस्से भिंत असते, तेव्हा +१.३ लागतं. पुढे जाऊन खांद्यापासून वर घेतलं की भिंत मागे कडेला उरते, लाल शालू आणि चेहरा चौकट भरतात. तिथे +०.३ पुरतं, कधी शून्यही. म्हणजे तुम्ही एकच आकडा लावून हिंडलात तर निम्मे फोटो बिघडणारच.

खरं पाहता नवरीवरचा उजेड या सगळ्यात तसूभर बदललेला नाही. म्हणून अशा जागी मी कॉम्पेन्सेशनचा नादच सोडतो. एक फोटो हिस्टोग्राम पाहून नीट बसवायचा, त्याचं शटर, ॲपर्चर आणि आयएसओ लक्षात ठेवायचं आणि डायल M वर, म्हणजे मॅन्युअलवर, नेऊन तेच आकडे घालायचे. मग नवरी पुढे येवो, मागे जावो, करवल्या शेजारी उभ्या राहोत, त्वचेचा रंग अल्बमभर एकसारखा राहतो. उजेड बदलला, ढग आला, मंडळी ओट्यावरून अंगणात आली, की पुन्हा मोजायचं.

फ्लॅश ऑटोवर असेल तर तोही स्वतःचा मीटर चालवतो आणि तोही पांढऱ्या भिंतीला फसतो. त्याला फ्लॅश कॉम्पेन्सेशन वेगळं असतं. साधं कॉम्पेन्सेशन फ्लॅशवरही चालतं की नुसत्या भोवतालच्या उजेडावर, हे कंपनीगणिक बदलतं. घरी भिंतीपुढे दोन फोटो काढून आधीच पाहून ठेवा.

सारंगखेड्याच्या यात्रेत काळा घोडा घेतला. मायनस केलं, तरी बिघडला.

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोडेबाजार भरतो, तिथे या एका प्रश्नाचे सगळे प्रकार भेटतात. काळ्या घोड्याची मान आणि तोंड जवळून घेतलं, चौकट काळ्या अंगाने भरली, तर मीटर त्याला करडा, धुरकट तपकिरी करून टाकतो. तिथे −१ ने सुरू करा, फार तर −१.३. हिशोब उलटा: १८ च्या खाली एक पायरी ९, दोन पायऱ्या ४.५. घोड्याचं अंग काळं असलं तरी तुकतुकीत असतं, त्यावर आभाळाची चकाकी येते, म्हणून पूर्ण −२ कधी लागत नाही. काळ्या कसदार रानाचा नांगरलेला तुकडा घेतला तरी −०.७ ते −१ एवढंच. ओला असेल तर जरा जास्त.

पण तुमचा फोटो तसा नसावा. बाजारात धूळ उडत असते, मागे उजळ आभाळ, पुढे पांढुरकी वाळू. त्यात घोडा चौकटीचा पाचवा हिस्सा. म्हणजे मीटरसमोर काळं दृश्य नव्हतंच, उजळ होतं! त्याने आधीच अंधार केला होता, त्यात तुम्ही मायनसची भर घातली. तिथे +०.७ हवं होतं. विषय काळा आहे का, हे विचारू नका. चौकट कशाने भरली आहे, ते पाहा.

कानबाईच्या रात्री खोलीत अंधार असतो, मग प्लस करू ना?

नको. हाच तो दुसरा घोळ. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी चालतात. खोलीत समयांचा आणि चौरंगावरच्या दोन-चार दिव्यांचा उजेड, बाकी सगळा काळोख. मीटर काळोखाचीच सरासरी काढतो आणि तो करडा होईपर्यंत शटर लांबवतो. परिणाम असा की कोपऱ्यातली ट्रंक स्वच्छ दिसते आणि कानबाईचा मुखवटा, नथ, हळदकुंकू सगळं पांढरं फटक होतं. वर शटर लांबल्याने गाणाऱ्या बाया हलून येतात.

−१ ने सुरू करा, चौरंग चौकटीत लहान असेल तर −१.७ पर्यंत जा. शटर जलद होतं, हाही फायदा. हिस्टोग्राम इथे डावीकडे लोंबकळणार, तसाच असू द्या, काळोख तिथेच राहतो. लक्ष मुखवट्यावर ठेवा, तो लुकलुकता कामा नये. समईच्या ज्योती लुकलुकणारच. त्यांना वाचवायला गेलात तर बाकी काहीच उरणार नाही.

माझ्या मते अशा जागी स्पॉट मीटर जास्त कामाचा. फक्त मुखवट्यावर मोजायचं आणि तो करड्याहून उजळ असल्याने +०.७ द्यायचं. गंमत पाहा, त्याच खोलीत, त्याच देवीसमोर एका पद्धतीने मायनस येतं आणि दुसरीने प्लस, आणि दोन्ही फोटो सारखे निघतात.

M वर ठेवल्यावर कॉम्पेन्सेशन फिरवतो, फोटोत काहीच फरक पडत नाही.

पडणारही नाही. तिन्ही आकडे तुम्हीच बांधून टाकलेत, कॅमेऱ्याच्या हातात बदलायला काही नाही. काही मॉडेलांत नुसता मीटरचा काटा सरकतो. आयएसओ ऑटोवर असेल तर मात्र अनेक कॅमेऱ्यांत कॉम्पेन्सेशन आयएसओ वरखाली करतं.

मोबाइलवर कसं करायचं?

वस्तूवर बोट टेका, शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती वर सरकवली की प्लस. बोट नेमकं कापसावर टेकलंत तर मोबाइल तिथेच मोजून आणखी काळपट करतो, म्हणून आधी टेकायचं, मग वर सरकवायचं. बऱ्याच मोबाइलमध्ये बोट दाबून धरलं की मोजमाप बांधलं जातं. मोबाइल तीन-चार फोटो जोडून आधीच बरंच सावरून घेतो, म्हणून थोडंसंच सरकवा.

एवढं कशाला? घरी कॉम्प्युटरवर उजळून घेतो.

रॉ काढत असाल तर बरंचसं जमेल. पण दोन स्टॉप कमी उजेडात घेतलेला कापूस वर ओढला की त्याच्या सावल्यांत दाणे येतात. जेपेगमध्ये रंगही बिघडतात, पांढऱ्याला कुठे जांभळट तर कुठे हिरवट छटा चढते. उलट बाजूने जळालेला पांढरा तर रॉमध्येही थोडासाच परत येतो, आणि जेपेगमध्ये अजिबात नाही. जागेवर चाक दोन-चार टिचक्या फिरवायला दोन सेकंद लागतात. पाचशे फोटो घरी सुधारायला रात्र जाते, हे मी लग्नसराईत भोगलं आहे.

कालपर्यंत नीट होतं, आज सगळेच फोटो भडक येत आहेत.

कालचं +१.७ तसंच राहिलं आहे. बहुतेक कॅमेरे बंद करून चालू केले तरी हा आकडा पुसत नाहीत. व्ह्यूफाइंडरच्या खालच्या पट्टीत प्लस-मायनसचं चिन्ह दिसतंय का बघा आणि शून्यावर आणा. मी गंजीवरून खाली उतरलो की आधी चाक शून्यावर आणतो, मग चपलांतली सरकी झटकतो.